📢 कोकम युनिट: मशीनच्या कोटेशनवर बजेट थांबवू नका



हरिहरेश्वरला येणाऱ्या पर्यटकांना कोकम सिरप विकायचं म्हणून काही जणांनी कोटेशनं मागवली आहेत. पण कोटेशनमध्ये फक्त मशीन असतं. पहिली बाटली विकली जाईपर्यंत खिशातून जाणारा पैसा त्यात नसतो, आणि काम अडतं ते तिथेच.

एक उदाहरण धरू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. मशीन व भांडी 2,40,000. गाळ्याचं डिपॉझिट 30,000. फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचं भाडं 20,000. वीजजोडणी व वायरिंग 25,000. लादी, सांडपाण्याची मोरी, खिडक्यांना जाळी 60,000. अन्न नोंदणी व लॅब टेस्ट 8,000. बाटल्या-लेबलं 22,000 (छापखाना शंभर लेबलं छापून देत नाही, हे लक्षात ठेवा). चाचणीचा माल 6,000. म्हणजे मशीन सोडून 1,71,000 झाले.

चाचणीचे दिवसही मोजा. साली आणि दुप्पट साखर थरावर थर लावून ठेवली, की रोज ढवळून पाक सुटायला साधारण आठवडा जातो. तीन घाण्यांनी चव आणि गोडी जमवायची तर महिना गेला. एवढ्यात एप्रिल संपतो, आणि पाऊस लागला की रातांबे गळून कुजतात. म्हणून गाळा फेब्रुवारीतच तयार हवा. चाचणीचा माल विकून पैसे येतील असं धरू नका, तो घरी आणि ओळखीत वाटण्यातच संपतो.

आता विक्री मेअखेर सुरू झाली असं समजा. लगेच जून! पर्यटक कमी, पण वर्षभराचा कच्चा माल मात्र मे महिन्यातच घेऊन ठेवावा लागतो. रातांबे, साखर, मजुरी 60,000 आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचं भाडं-वीज 24,000. सगळं मिळून 4,95,000, कोटेशनच्या दुपटीहून जास्त.

यातलं डिपॉझिट हा खर्च नव्हे, गाळा सोडताना ते परत मिळतं. त्यामुळे किंमत काढताना ते बाटलीवर लावू नका. पण आज रोकड लागते, म्हणून रोकडीच्या हिशेबात ते धराच.

पीएमएफएमई योजनेतून 35 टक्के अनुदान (कमाल 10 लाख) मिळणार म्हणून तेही सुरुवातीच्या पैशात मोजू नका. आधी कर्ज उचलावं लागतं. अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि कर्ज नियमित असेल तर 3 वर्षांनी त्यात वळतं होतं. जमिनीची किंमत या योजनेत धरत नाहीत.

गवंड्याचे पैसे रातांब्यांसाठी ठेवलेल्या रकमेतून द्यावे लागले, तर समजा बजेट कमी पडलं. प्रकल्प अहवाल बँकेत देण्याआधी हे सगळे खर्च वेगळ्या ओळीत लिहून, गवंडी आणि वायरमनचे लेखी अंदाज जोडून कार्यालयात दाखवा.