मालकाची उचल

एकल मालकीच्या व्यवसायात मालकाचे दुकानाशी असलेले सगळे देणेघेणे दोन खात्यांत मांडले जाते. मालकाने धंद्यात घातलेला पैसा किंवा माल भांडवल खात्यात जमा होतो. त्याने स्वतःसाठी किंवा घरासाठी काढून घेतलेले सर्व काही उचल खात्यात नावे पडते. वर्षअखेरीस उचल खात्याची बाकी भांडवल खात्यात वळवतात, वर्षाचा निव्वळ नफा त्याच खात्यात जमा करतात, आणि उरलेला आकडा ताळेबंदात मालकाचे भांडवल म्हणून येतो.

ही विभागणी फक्त वहीत असते. कायदा मालक आणि त्याचे दुकान यांना वेगळे मानत नाही. दोघांचा पॅन एकच असतो, आणि दुकानाचे कर्ज फिटले नाही तर वसुली मालकाच्या घरापर्यंत येऊ शकते. तरी हिशेब लिहिताना दुकान ही जणू वेगळी व्यक्ती आहे आणि भांडवल हे तिने मालकाला द्यायचे देणे आहे, असे धरतात. ताळेबंदात भांडवल देण्यांच्या बाजूला का येते, हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षी हमखास पडणारा प्रश्न या गृहीतकाने सुटतो. मालकाने गल्ल्यातून पैसे घेतले की दुकानाने त्याचे देणे तेवढे फेडले, एवढाच त्याचा अर्थ. तो खर्च होत नाही. पगार, वीज, टेम्पोभाडे यांच्या बदल्यात दुकानाला काहीतरी मिळते आणि त्यातून विक्री होते. मुलाच्या शाळेच्या फीमधून दुकानाला काहीच मिळत नाही.

मालकाने स्वतःसाठी ‘पगार’ म्हणून दरमहा ठरावीक रक्कम घेतली, तरी ती उचलच असते, कारण स्वतःला नोकरीवर ठेवता येत नाही. मालकाचा प्राप्तिकरही उचलीतच जातो, आणि अनेक वह्यांत नेमकी इथेच चूक सापडते. कर दुकानाच्या बँक खात्यातून भरला, म्हणून तो दुकानाचा खर्च ठरत नाही. तो मालक नावाच्या माणसाच्या एकूण उत्पन्नावरचा कर असतो. आयुर्विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता आणि लग्नाचा आहेर यांनाही हाच नियम लागू आहे. याच्या उलट, मालकाने खिशातून दुकानाचे टेम्पोभाडे दिले तर टेम्पोभाडे खर्चात नावे पडते आणि तेवढी रक्कम भांडवलात जमा होते.

एका तालुक्याच्या गावातील किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. खाली दुकान आहे, वर घर आहे, आणि दोन्हींना वीजमीटर एकच. जीएसटीसाठी मालकाने कंपोझिशन योजना घेतलेली आहे. आकडे कल्पित आहेत, पण अशा दुकानाला शोभणारे आहेत. वर्षाच्या सुरुवातीला मालकाचे भांडवल 6,00,000 रुपये होते आणि दुकानात 4,00,000 रुपयांचा माल होता. वर्षभरात 31,40,000 रुपयांची खरेदी आणि 35,00,000 रुपयांची विक्री झाली. अखेरीस 4,20,000 रुपयांचा माल शिल्लक राहिला.

या वर्षात तांदूळ, तेल, साखर, साबण असा खरेदी किमतीने 40,000 रुपयांचा माल दुकानातून घरी गेला. तो विकला गेलेला नाही, त्यामुळे विकलेल्या मालाच्या किमतीत तो धरता येत नाही. त्यासाठी नोंद अशी होते: उचल खाते नावे 40,000, खरेदी खाते जमा 40,000. ही नोंद केल्यावर विकलेल्या मालाची किंमत 30,80,000 रुपये येते, आणि ढोबळ नफा 4,20,000 रुपये, म्हणजे विक्रीच्या 12 टक्के. नोकराचा पगार 96,000, विजेचा दुकानाकडचा वाटा 24,000 आणि टेम्पोभाडे, पिशव्या, किरकोळ खर्च मिळून 30,000 वजा केले की निव्वळ नफा 2,70,000 रुपये राहतो.

आता उचल पाहू. गल्ल्यातून दरमहा 20,000 प्रमाणे 2,40,000 रुपये, माल 40,000, दुकानाच्या खात्यातून गेलेला विम्याचा हप्ता 18,000 आणि वीजबिलातला घराचा वाटा 12,000, असे एकूण 3,10,000 रुपये होतात. नफ्यापेक्षा उचल 40,000 ने जास्त झाली, म्हणून अखेरचे भांडवल 5,60,000 रुपये राहिले. दुकान नफ्यात आहे आणि तरीही मालकाचा पैसा घटला आहे. ही घट कुठे मुरली तेही ताळेबंदात दिसते. रोख आणि बँक शिल्लक गेल्या वर्षीइतकीच आहे आणि माल 20,000 ने वाढला आहे, पण घाऊक व्यापाऱ्याची उधारी 60,000 ने चढली आहे. घरखर्चाचा एक हिस्सा घाऊक व्यापाऱ्याच्या पैशावर चालला, असा याचा अर्थ.

हेच वर्ष बेशिस्तीने लिहिले असते तर? घरी गेलेल्या मालाची नोंद नाही, विम्याचा हप्ता ‘इन्शुरन्स’ म्हणून खर्चात आणि वीजबिल पूर्ण 36,000 दुकानावर. ढोबळ नफा 3,80,000 वर येतो, खर्च 1,80,000 वर जातो आणि निव्वळ नफा 2,00,000 रुपये दिसतो. उचल फक्त रोखीची, 2,40,000. अखेरचे भांडवल किती? सहा लाख अधिक दोन लाख, वजा दोन लाख चाळीस हजार: 5,60,000. पहिल्या हिशेबाइतकेच, रुपयाचाही फरक नाही.

या विषयातली खरी खोच इथे आहे. खर्च वाढवा किंवा उचल वाढवा, दोन्ही शेवटी भांडवलातूनच वजा होतात. त्यामुळे तेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, बँकेची शिल्लकही पासबुकाशी जुळते. हिशेबशास्त्रात हिला तत्त्वाची चूक म्हणतात, आणि बेरजा कितीही तपासल्या तरी ती हाती लागत नाही. संगणकावरचे लेखा सॉफ्टवेअरही तिथे गप्पच राहते, कारण त्याच्या दृष्टीने नावे आणि जमा समान आहेत.

मग ती ओळखायची कशी? पहिली खूण ढोबळ नफ्याच्या टक्केवारीत मिळते. वरच्या उदाहरणात ती 12 वरून 10.9 वर घसरली. खरेदी आणि विक्रीचे भाव फारसे हलले नसतील तर या घसरणीची कारणे मोजकीच असतात: नासधूस, चोरी, न लिहिलेली विक्री किंवा न लिहिलेला घरचा माल. घरच्या मालाची नोंद ठेवलेली नसेल तर नोकरावर उगाच संशय जातो, आणि तसा तो अनेक दुकानांत गेलेलाही आहे. दुसरी खूण उचल खात्यात असते. चार माणसांच्या घराची वर्षाची उचल जेमतेम लाखभर दिसत असेल, तर घर चालते कशावर, हा प्रश्न उरतोच. एक तर घरखर्च दुकानाच्या खर्चात दडलेला असतो, किंवा वहीबाहेर काही उत्पन्न असते. कर अधिकारी हाच प्रश्न विचारतो, आणि खर्चाचा स्रोत सांगता आला नाही तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते.

प्राप्तिकराची भूमिका स्पष्ट आहे. 1961 च्या कायद्याच्या कलम 37 नुसार खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा आणि तो वैयक्तिक नसावा. 1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. वीज, फोन, गाडी असे मिश्र खर्च वाजवी प्रमाणात वाटून घ्यायचे असतात. त्यासाठी वर्षभर बिल खर्चात लिहून अखेरीस घराचा वाटा उचलीला नावे टाकला तरी चालते. मात्र प्रमाण कशावरून ठरवले ते कागदावर हवे. घरासाठी वेगळा उपमीटर बसवला की वादच उरत नाही.

गंमत अशी की वरच्या दुकानदाराला नफा कमी दाखवून काहीच मिळत नाही. 2024-25 या वर्षात नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच होता. विक्रीच्या ठरावीक टक्के नफा मानून कर भरणाऱ्याला तर खर्च फुगवून करात कपात मिळण्याची सोयच नाही. पण तोच दुकानदार कर्ज मागायला गेला की बँकेसमोर 2,70,000 ऐवजी 2,00,000 चा नफा जातो.

घरी नेलेला माल खरेदी किमतीने का धरायचा, विक्री किमतीने का नाही, याचे उत्तर मुंबईच्या एका खटल्यात मिळते. चांदी आणि शेअर्सचे व्यापारी किकाभाई प्रेमचंद यांनी व्यवसायातील चांदीच्या विटा आणि काही शेअर्स काढून विश्वस्त निधींना दिले आणि वहीत ते खरेदी किमतीने लिहिले. बाजारभाव धरून मधला फरक नफा मानावा, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते फेटाळले. माणूस स्वतःशीच व्यापार करून नफा मिळवू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. 2018 च्या दुरुस्तीने याला एक अपवाद आणला. विक्रीचा माल भांडवली मालमत्तेत बदलला तर त्या दिवसाचा बाजारभाव व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो. सराफाने दुकानातले दागिने स्वतःची मालमत्ता म्हणून घरी ठेवले तर त्याला ही तरतूद पाहावी लागते. किराणावाल्याच्या साखरेला ती लागत नाही, कारण साखर खाऊन संपते.

जीएसटीची नेहमीची नोंदणी असलेल्या दुकानदाराला आणखी एक पायरी आहे. स्वतःच्या वापरासाठी काढलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेले कराचे क्रेडिट त्याला परत करावे लागते. 1,000 रुपयांच्या मालावर 5 टक्के कर असेल, तर खरेदीला जमा 1,000, परत केलेले क्रेडिट 50, आणि उचलीला नावे 1,050. कंपोझिशनवाल्याने क्रेडिट घेतलेलेच नसते, म्हणून करासह पडलेली पूर्ण किंमत त्याच्या खरेदीत आधीच असते.

प्रत्यक्षात चूक बहुधा लिहिताना होत नाही, न लिहिल्याने होते. घरातले कोणी येऊन दोन किलो डाळ घेऊन जाते आणि बिल होत नाही. मालक दुकानाच्या क्यूआर कोडवर जमा झालेल्या पैशातून त्याच फोनवरून भाजीवाल्याला, पेट्रोल पंपाला आणि डॉक्टरला पैसे देतो. मार्चनंतर बँकेचे विवरण हिशेबनिसाकडे जाते, तेव्हा नुसत्या नावावरून कोणता डॉक्टर आणि कोणता पुरवठादार हे त्याला कळत नाही, आणि मग सगळे ‘किरकोळ खर्च’ या एका डब्यात पडते. यावर चालणारी व्यवस्था साधी आहे. घरासाठी वेगळे बचत खाते ठेवायचे, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दुकानाच्या खात्यातून तिकडे एकरकमी उचल पाठवायची आणि घरची सगळी देणी तिथूनच द्यायची. दुकानातून जाणाऱ्या मालासाठी गल्ल्याशेजारी ‘घर’ नावाची उधारीची वही ठेवायची. इतर गिऱ्हाईकांप्रमाणे तीत माल लिहायचा, फक्त भाव खरेदीचा लावायचा, आणि महिनाअखेरीची बेरीज एका नोंदीने उचल खात्यात न्यायची.