राजगड ते आग्रा: पडद्यावर चालणारी रेघ

चौथीच्या वर्गात आग्र्याहून सुटकेचा धडा शिकवताना नकाशा बहुधा भिंतीवर टांगलेला असतो आणि बाई त्यावर पट्टीने राजगड आणि आग्रा दाखवतात. आता शाळांमध्ये मोठा पडदा आला आहे. त्यावर ठिपका राजगडाहून निघतो, मागे रेघ उमटत जाते, गावांची नावे उजळतात, असा मिनिटभराचा चलनकाशा करणे एखाद्या हौशी शिक्षकालाही जमण्यासारखे आहे. साधने फुकट मिळतात. अवघड काम संगणकाचे नाही, त्याआधीचे, कागदावरचे आहे. स्थिर नकाशा फक्त जागा सांगतो. हलणारी रेघ जागा, वाट आणि वेग या तिन्ही गोष्टी सांगते, आणि मुले त्या तिन्ही खऱ्या धरतात. म्हणून रेघ ओढण्याआधी तिला काय काय माहीत आहे हे ठरवावे लागते.

सुरुवात तारखांपासून करावी. शिवाजी महाराज ५ मार्च १६६६ रोजी राजगडाहून निघाले. ११ मे रोजी ते आग्र्याच्या वेशीवर पोहोचले आणि १२ मे रोजी दरबारात गेले. १७ ऑगस्टला ते निसटले. राजगडावर ते १२ सप्टेंबरला पोहोचले असे बऱ्याच पुस्तकांत आहे. नोव्हेंबरची तारीख धरणाराही एक पक्ष आहे, त्याकडे पुढे येऊ. आता दिवस मोजा. जाण्यात ६७ दिवस, आग्र्यात ९७ दिवस, परतीत २६ दिवस. तीन दिवसांना एक सेकंद असे प्रमाण धरले तर जाणे साधारण २२ सेकंदांचे, आग्रा ३२ सेकंदांचे आणि परतणे जेमतेम ९ सेकंदांचे होते. सगळी चित्रफीत एका मिनिटाला थोडी जास्त.

या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरते. चित्रफितीचा निम्मा वेळ ठिपका एकाच जागी उभा आहे. करणाऱ्याचा हात लगेच कात्रीकडे जातो, कारण ३२ सेकंद काहीच हलले नाही तर मुले कंटाळतील अशी भीती वाटते. माझे ठाम मत आहे की हा वेळ कापू नये. कोपऱ्यातली तारीख पुढे सरकत राहते, मे संपतो, जून जातो, जुलै जातो, आणि ठिपका हलत नाही. नजरकैद म्हणजे काय हे त्या न हलण्यातूनच मुलांना कळते. रिकामे वाटू नये म्हणून या काळात दोन गोष्टी दाखवता येतात. कॅमेरा हळूहळू आग्र्याजवळ आणावा, यमुना आणि शहर मोठे दिसू द्यावे. आणि महाराजांनी आपल्याबरोबरच्या माणसांना माघारी जाण्याचे परवाने मिळवून दिले, त्यासाठी आग्र्यातून दक्षिणेकडे काही बारीक, फिकट रेघा निघू द्याव्यात. माणसे जात आहेत आणि मुख्य ठिपका मात्र तिथेच आहे, हे बोलून सांगावे लागत नाही.

आता वाट. जाताना महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर, बादशाही पाहुणे म्हणून निघाले होते. औरंगाबादचा मुक्काम नोंदलेला आहे. तिथून उत्तरेकडे दख्खन आणि आग्रा जोडणारा मोगली रस्ता बुऱ्हाणपूर, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, धोलपूर असा जात असे; त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनीही त्याची वर्णने केली आहेत. ही गावे नकाशावर जोडली तर अंतर साधारण ११३५ किलोमीटर भरते. प्रत्यक्ष रस्त्याची वळणे धरली तर आणखी वाढेल, पण तुलनेसाठी हा आकडा पुरतो. ६७ दिवसांत एवढे अंतर म्हणजे मुक्काम धरून दिवसाला १७ किलोमीटर. लवाजमा घेऊन जाणाऱ्या पाहुण्याची ही चाल पटण्यासारखी आहे. हीच वाट परतीला धरली तर दिवसाला जवळजवळ ४४ किलोमीटर होतात, तेही पावसाळ्यात, चंबळ, नर्मदा, तापी आणि गोदावरी ओलांडून.

पण परतीची वाट हीच होती का? ठिपका आधी दक्षिणेला न जाता उत्तरेला, मथुरेला जातो. संभाजीराजांना तिथे ठेवले गेले. त्यानंतरच्या मार्गाबद्दल एकमत नाही. एक मत माळव्यातून जवळच्या वाटेने येण्याचे आहे. बखरींत आणि खाफीखानाच्या इतिहासात मात्र प्रयाग आणि काशीकडून वळसा घेतल्याची हकीकत आहे, आणि ती वाट पुढे गया, गोंडवन, गोवळकोंडा अशीही सांगितली जाते. बरीच चित्रे आणि नकाशे यातली एकच वाट ठळक काढून मोकळे होतात. चलनकाशात दोन्ही वाटा तपासून बघता येतात, आणि माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

काशीची वाट सरळ सरळ मोजली तरी २३०० किलोमीटरच्या पुढे जाते. २६ दिवसांत ती पार करायची तर रोज ९० किलोमीटर हवेत. म्हणून पडद्यावर १७ ऑगस्टला दोन तुटक रेघा एकाच वेळी सोडाव्यात, दोन वेगळ्या रंगांत, एकाच वेगाने. तारीख १२ सप्टेंबरला पोहोचते तेव्हा माळव्याची रेघ राजगडाला टेकलेली असते आणि काशीची रेघ गयेहून वळून आजच्या उत्तर छत्तीसगडात कुठेतरी असते. इथे चित्र थांबवावे आणि वर्गाला विचारावे. कोणी म्हणेल, मग काशीची वाट खोटी. कोणी म्हणेल, तारीखच चुकीची असेल तर? दुसऱ्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. नोव्हेंबरची तारीख धरली तर त्याच वाटेला दिवसाला २५ किलोमीटरच्या आसपास पुरतात. मार्ग आणि तारीख एकमेकांना बांधलेले आहेत, एक हलवले की दुसरे हलते, हे नऊ वर्षांच्या मुलालाही रेघेवरून दिसते.

रेघेचे नियम आधीच ठरवून ठेवावेत आणि ते पडद्यावर लिहावेत. जिथे साधने महाराजांना नक्की ठेवतात तिथे भरीव ठिपका. नेहमीच्या राजरस्त्यावरचा प्रवास अखंड रेघेने. तर्काने जोडलेला भाग तुटक रेघेने. एवढे तीन पुरेत. चौथा प्रकार आला की मुले रेघ बघायची सोडून खुणा ओळखत बसतात.

रेघ काढताना प्रत्यक्षात दोन ठिकाणी हमखास बिघडते. बहुतेक अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधली चाल आपोआप मऊ करते, म्हणजे प्रत्येक बिंदूजवळ वेग कमी करून पुन्हा वाढवते. त्यामुळे सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर अशा प्रत्येक गावी मुक्काम पडल्यासारखा भास होतो. उपाय असा की सगळी वाट एकच अखंड रेघ म्हणून काढावी आणि ती लांबीच्या प्रमाणात शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत एकसारख्या वेगाने उघडावी. दुसरी गडबड वळणांची. कोपरे गोलसर करण्याचा पर्याय चालू राहिला तर रेघ गावाच्या बाहेरून झुकते आणि नदी भलत्याच जागी ओलांडते. चित्र मोठे करून नर्मदेजवळ पाहिले की हे लगेच कळते.

तळाचा नकाशाही जुना हवा, म्हणजे निदान नव्या खुणा नसलेला. उपग्रहाचे चित्र वापरले तर पैठणजवळ जायकवाडीचा अफाट जलाशय दिसतो, नर्मदेवर इंदिरासागर दिसतो. १६६६ मध्ये यातले काही नव्हते. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डोंगरांचा उठाव आणि नद्या एवढेच थर ठेवून धरणे, महामार्ग आणि राज्यांच्या सीमा बंद करता येतात. आंतरराष्ट्रीय सीमासुद्धा काढू नये. परदेशी संस्थांच्या मोफत नकाशांत भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसते, आणि या धड्याला तिची गरजही नाही.

एक अडचण पडद्याच्या आकाराची. प्रवास उभा, उत्तर-दक्षिण, पडदा आडवा. आग्रा आणि राजगड दोन्ही मावायचे तर १०८० बिंदूंच्या उंचीत साधारण १२०० किलोमीटर बसवावे लागतात. मग आग्रा आणि मथुरा यांच्यात पन्नासेक बिंदूंचेच अंतर उरते आणि दोन्ही नावे एकमेकांवर चढतात. म्हणून मथुरेपर्यंतचा भाग जवळच्या दृश्यात दाखवावा आणि मग कॅमेरा मागे न्यावा. आग्र्यात कॅमेरा जवळ आणलेलाच आहे, त्यामुळे वेगळी हालचाल लागत नाही. रुंदीत डावीकडे उरलेल्या जागेत तारीख आणि खुणांची सूची ठेवावी. उजवी बाजू काशीच्या वाटेला लागते.

नावांना वाचायला वेळ द्यावा लागतो. मागच्या बाकावरच्या मुलाला एक अनोळखी गावाचे नाव वाचायला दोन सेकंद तरी हवेत. जाण्याच्या २२ सेकंदांत सात-आठ नावे आरामात येतात. परतीच्या ९ सेकंदांत येत नाहीत. त्यामुळे जाताना आलेली नावे पुसू नयेत, फिकट करून ठेवावीत. परत येताना मुले ती ओळखतात. काशीच्या वाटेवरची प्रयाग, काशी, गया, गोवळकोंडा ही नावे आग्र्यातल्या त्या ३२ सेकंदांच्या शेवटी, कॅमेरा मागे घेऊन एकदा दाखवावीत आणि मगच मथुरेसाठी पुन्हा जवळ यावे. गावांची नावे त्या काळची ठेवावीत आणि आजचे नाव पहिल्यांदाच खाली लहान अक्षरात द्यावे: औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. आवाजात निवेदन असेल तर नाव उमटताना निवेदकाने दुसरेच काही सांगू नये.

देवनागरीची एक खास परीक्षा आहे. जुन्या किंवा नीट न लावलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे फुटतात. सिरोंज, बुऱ्हाणपूर आणि ग्वाल्हेर ही तीन नावे आधी टाकून पाहावीत. तिन्ही नीट उमटली तर बाकीची बहुधा उमटतात. नसतील तर मजकुराच्या मांडणीत दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय शोधून चालू करावा. अक्षरांभोवती नकाशाच्या रंगाची जाड कड द्यावी. नाहीतर शिरोरेषा नदीच्या रेषेत मिसळते आणि मात्रा दिसत नाहीत.

शेवटची चौकट विचारपूर्वक ठरवावी. महाराज राजगडावर पोहोचले म्हणून सगळा नकाशा उजळून टाकण्याचा मोह होतो. पण त्या दिवशी संभाजीराजे अजून उत्तरेतच होते, ते नंतर आले. त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे आग्र्यात पकडले गेले होते. म्हणून मथुरेचा ठिपका आणि आग्र्यातले दोन ठिपके शेवटपर्यंत पेटते ठेवावेत. चित्रफीत देताना १२ मे, १७ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर या तीन तारखांना ती आपोआप थांबेल अशी व्यवस्था करावी, किंवा त्या चौकटी वेगळ्या चित्रांच्या रूपात जोडून द्याव्यात, म्हणजे बाईंना बटणाशी झगडावे लागत नाही आणि प्रश्नोत्तरांना हवा तेवढा वेळ मिळतो.