तारीख हलली, इसाराचं काय?

लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना मुलाचे चुलत आजोबा वारतात. सुतक लागतं, मुहूर्त पुढे जातो. कार्यालयाला फोन होतो, पाहुण्यांना कळवलं जातं आणि मग कुणाला तरी आठवतं, की केटररला तीस हजार देऊन ठेवलेत. घरातले कपाटातून त्याचं पत्र शोधून काढतात.

समजा, पुण्यातल्या या कार्याची ३०० पानं ठरली आहेत. ताटाला ४०० रुपये, म्हणजे एकूण १,२०,००० आणि त्याचा पाव हिस्सा आगाऊ. चांगल्या पत्रात या ३०,०००ची फोड केलेली असते. १०,००० तारीख राखून ठेवण्याचे, कारण त्या मुहूर्तावर केटररने दुसरं काम नाकारलेलं असतं. उरलेले २०,००० पूर्वतयारीचे. महिनाभर आधी कळवलं तर सगळी रक्कम नव्या तारखेला वळती. तीस ते आठ दिवस आधी कळवलं तर तारखेचे पैसे आणि प्रत्यक्ष झालेला खर्च कापून बाकी वळती. शेवटच्या आठवड्यात मात्र भाजी, दूध, खवा यांची खरेदी सुरू झालेली असते, त्यामुळे हाती फारसं लागत नाही.

आपल्या कुटुंबाने बारा दिवस आधी कळवलं. आचारी आणि वाढप्यांना ६,००० उचल गेली होती. किराणा भरायचा होता, नाशवंत माल तर दूरच. म्हणजे १०,००० आणि ६,००० वजा जाऊन १४,००० नव्या तारखेच्या खाती जमा.

पण त्याच जुन्या तारखेला केटररला दुसरं काम मिळालं तर? तेच आचारी, तेच वाढपी तिकडे उभे राहिले, तर उचल वाया गेली नाही आणि तारीखही रिकामी राहिली नाही. मग पूर्ण ३०,००० वळते व्हायला हवेत. बहुतेकांचा वाद इथेच होतो, म्हणून हे वाक्य पत्रात आहे की नाही, ते इसार देतानाच पाहावं.

‘आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ एवढंच छापलेलं असलं, तरी तो शेवटचा शब्द नाही. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७४नुसार करार मोडल्यास मिळते ती वाजवी भरपाई; करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. इसार म्हणून ठेवलेली वाजवी रक्कम जप्त होऊ शकते, पण त्यापलीकडच्या कपातीसाठी नुकसान दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मौला बक्ष खटल्यात हाच फरक केला होता. घरच्यांनी म्हणूनच उचलीच्या पावत्या मागाव्यात. तडजोड होईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

नव्या तारखेचा दर जुनाच राहील का, हेही पत्रातच ठरलेलं बरं. दिवाळीनंतरच्या मुहूर्तांना ताट चाळीस रुपयांनी चढलं, तर ३०० पानांमागे १२,००० वाढतात. वळते झालेले १४,००० जवळजवळ त्यातच जिरतात.