इमोजी काढले, आता आर्जव कुठे ठेवायचं?

खरेदी विभागातला एक नवा मुलगा अकाउंट्सच्या मॅडमना मेल लिहितो, असं धरू. विषयाच्या जागी फक्त ‘अर्जंट!!! 🚨’ आणि खाली:

‘हाय मॅडम 😅🙈 जाम लोचा झालाय! स्टेशनरीवाल्याच्या बिलाची पार वाट लागली, जीएसटी नंबरच चुकलाय 😭 आज पेमेंट सोडू नका 🙏🙏 नवीन बिल टाकतो लवकरच. यू आर द बेस्ट ❤️🔥’

असा मेल सुधारायचा म्हटलं की पहिला हात इमोजींवर पडतो. पण नुसते इमोजी पुसून वाचून बघा. ‘आज पेमेंट सोडू नका’ हा चक्क हुकूम होतो. विनंती होती ती त्या जोडलेल्या हातांत. म्हणजे प्रत्येक चित्र काय काम करतंय ते आधी ओळखायचं आणि तेवढं काम शब्दांकडे सोपवायचं. 🙈 म्हणजे ओशाळलेपण, तिथे सरळ माफी हवी. ❤️ म्हणजे आभार. 🔥 काहीच करत नाही, ते जाऊ द्यावं.

‘लोचा’ आणि ‘वाट लागली’ यांची अडचण वेगळी. ते असभ्य आहेत म्हणून नव्हे, तर त्यांतून लिहिणाऱ्याची घाबरगुंडी कळते, घोळ कळत नाही. कुठलं बिल? कोणाचा नंबर चुकला? ‘लवकरच’ म्हणजे कधी? मॅडमना फोन करूनच विचारावं लागेल.

याउलट काहीजण सभ्यपणाच्या नादात ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ वर जातात. रोज एकत्र डबा खाणाऱ्या माणसाला नोटीस कशाला?

मधला मार्ग असा:

‘विषय: बिल क्र. 118 – जीएसटी क्रमांक चुकीचा, आज पेमेंट थांबवण्याची विनंती

नमस्कार मॅडम,
स्टेशनरीच्या बिल क्र. 118 वर आपल्या कंपनीचा जीएसटी क्रमांक चुकीचा छापला आहे. तुमच्याकडे पाठवण्याआधी मी तपासायला हवं होतं, माफ करा. आजचं पेमेंट थांबवता येईल का? दुरुस्त बिल उद्या दुपारी 12 पर्यंत पाठवतो. ऐन महिनाअखेरीस तुमचं काम वाढलं, याची जाणीव आहे. सांभाळून घ्याल, मनापासून आभार.’

यातला जिव्हाळा आहे महिनाअखेरीच्या वाक्यात. समोरच्याची अडचण आपल्याला दिसते, एवढं त्यातून पोचतं. मात्र असं वाक्य एकच असावं. तीन झाली की लाडीगोडी वाटते. ‘थांबवता येईल का’ या प्रश्नामुळे निर्णय मॅडमच्या हाती राहतो. चुकीच्या क्रमांकामुळे कंपनीची कराची वजावट अडकू शकते, हे अकाउंट्सला सांगायला नको. तोच मेल साहेबांना जाणार असेल तर तेही एका ओळीत घालावं.

मॅडमनी उत्तरात स्वतःच 🙂 टाकला, तर पुढच्या मेलमध्ये एखादा चालतो. फक्त तो वाक्याच्या शेवटी असावा आणि काढला तरी अर्थ बदलू नये. चित्र पलीकडे तसंच उमटेल याचीही खात्री नसते. आउटलुक टाइप केलेल्या :) चं हसरं चित्र विंगडिंग्ज फॉन्टमधल्या ‘J’ अक्षरानं करत असे. समोर तो फॉन्ट दिसला नाही, की वाक्याच्या शेवटी नुसता J उरायचा.