७६ टक्के की निम्मं? अप्रेझलच्या स्लाइडवरून रेझ्युमे लिहिताना

अप्रेझलची पीपीटी साहेबांसमोर उघडायची असते, आणि साहेबांना निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते. लाइन कुठली, कस्टमर कोण, एप्रिलमध्ये काय गोंधळ झाला होता, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून स्लाइडवर ‘रिजेक्शन ७६ टक्के कमी’ एवढंच लिहून शेजारी हिरवा बाण काढला तरी भागतं. नोकरी बदलायची वेळ आली की बरेच जण तीच ओळ उचलून रेझ्युमेत टाकतात. तिथे ती वाचणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की ७६ टक्के म्हणजे कशाच्या मानाने?

एक उदाहरण सविस्तर घेऊ. चाकणच्या पट्ट्यातल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात काम करणारी क्वालिटी इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. आकडे समजायला सोपे पडावेत असे धरले आहेत. तिचा विभाग एक ब्रॅकेट बनवतो आणि महिन्याला साधारण ५०,००० नग एका गाडी कंपनीला पाठवतो. वर्षअखेरीला तिने अकरा स्लाइडची पीपीटी केली. तिसऱ्या स्लाइडवर बारा महिन्यांचा आलेख आहे आणि मथळा आहे, ‘कस्टमर रिजेक्शन पीपीएम १२४० वरून ३००’. पीपीएम म्हणजे दर दहा लाख नगांमागे किती नग नापास होऊन परत आले. सातव्या स्लाइडवर ‘बचत १८ लाख’ असं मोठ्या अक्षरांत आहे. नवव्या स्लाइडवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो आहेत, खाली एक शब्द नाही.

मजकूर गोळा करताना एक साधी अडचण येते. पॉवरपॉइंटमध्ये `Outline View` उघडलं की सगळ्या स्लाइडचा मजकूर एकाखाली एक दिसतो, पण दिसतो तो फक्त लेआउटच्या ठरलेल्या चौकटींत लिहिलेला. स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स, आलेख आणि फोटो त्यात येत नाहीत, आणि नेमके कामाचे आकडे तिथेच असतात. तेव्हा प्रत्येक स्लाइड उघडून बघायची, तिच्याखालच्या नोट्सही वाचायच्या. आलेख पीपीटीतच बनवलेला असेल तर त्यावर राइट क्लिक करून `Edit Data` मध्ये मूळ आकडे सापडतात. तो चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर ज्या एक्सेलवरून घेतला, ती शोधावी लागते. उभ्या रेघांकडे बघून अंदाजाने आकडा लिहायचा नाही.

आपल्या इंजिनिअरने मूळ आकडे उघडले तेव्हा चित्र थोडं वेगळं दिसलं. एप्रिलमध्ये १२४० पीपीएम होतं, कारण एक अख्खी लॉट बिघडली होती. ५०,००० नगांमागे ६२ नग परत आले. त्याआधीच्या आर्थिक वर्षाची सरासरी मात्र ६४० होती, म्हणजे महिन्याला ३२ नग. शेवटच्या तिमाहीत जानेवारीत ३४०, फेब्रुवारीत ३२० आणि मार्चमध्ये ३०० पीपीएम, सरासरी ३२०. सर्वांत वाईट महिन्याची तुलना सर्वांत चांगल्या महिन्याशी केली की ७६ टक्के घट दिसते. वर्षाच्या सरासरीची तुलना तिमाहीच्या सरासरीशी केली की ती निम्मी होते, ६४० वरून ३२०.

रेझ्युमेत निम्मीच लिहावी. सचोटीचा प्रश्न आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो. समोर बसलेला क्वालिटी मॅनेजर पीपीएमचे आलेख रोज बघत असतो. तो पहिल्याच झटक्यात विचारणार, “एप्रिलमध्ये एवढं काय झालं होतं?” मग एका बिघडलेल्या लॉटची कहाणी सांगण्यात दहा मिनिटं जातात आणि जे खरं चांगलं काम झालं ते बोलायचं राहून जातं. शिवाय ‘६४० वरून ३२०’ असे दोन्ही आकडे लिहिले की वाचणाऱ्याला कामाचा आवाका कळतो. नुसते ‘५० टक्के’ दोनाचा एक झाला तरी होतात.

गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे माजी प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१४ मध्ये रेझ्युमेच्या ओळीसाठी एक सूत्र मांडलं होतं: काय साधलं, ते कशावरून मोजलं, आणि काय करून साधलं. सूत्र सोपं आहे आणि उपयोगी आहे. अप्रेझलच्या पीपीटीत त्यातले पहिले दोन भाग हमखास सापडतात. तिसरा बहुतेक वेळा हरवलेला असतो, कारण तो साहेबांना माहीतच असतो. आपल्या उदाहरणात तो नवव्या स्लाइडच्या मुक्या फोटोंमध्ये आहे.

फोटोंमागची हकीकत अशी. परत येणाऱ्या ३२ नगांपैकी १८ नगांत एकच दोष होता, भोकात आटेच पडलेले नव्हते. टॅप पाळीच्या मध्येच तुटायचा, मशीन तसंच चालू राहायचं आणि तपासणी मात्र ठरावीक नगांनंतर एकदा व्हायची. दोन तपासण्यांच्या मधले नग तसेच पुढे जायचे. इंजिनिअरने परत आलेले नग तारीख आणि पाळीप्रमाणे लावले आणि टॅप बदलल्याच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा हे उघड झालं. मग तिने असं फिक्स्चर सुचवलं की आटे तपासणारी पिन पूर्ण खोलीपर्यंत गेली नाही तर नग सुटतच नाही. टूलरूमने ते बनवलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लाइनवर बसलं. शेवटच्या तिमाहीत या दोषाचे नग महिन्याला सरासरी दोनवर आले. बाकीच्या दोषांचे १४ होते तेवढेच राहिले. चौदा आणि दोन, सोळा. ३२० पीपीएमचा हिशेब तंतोतंत जुळतो.

असा हिशेब जुळला की घट कोणामुळे झाली हे ठामपणे म्हणता येतं. जुळला नसता, समजा बाकीचे दोषही कमी झाले असते, तर पूर्ण घट आपल्या नावावर लावणं बरोबर झालं नसतं. तेव्हा तेवढ्या एका दोषाचाच आकडा द्यायचा.

आता क्रियापद. पीपीटीत ती फारशी नसतातच, असतात नामं: ‘रिजेक्शनमध्ये सुधारणा’, ‘प्रकल्पात सहभाग’, ‘कायझेन उपक्रम’. कोणी काय केलं याचा त्यातून पत्ता लागत नाही. रेझ्युमे बहुधा इंग्रजीत लिहिला जातो आणि तिथे ओळ क्रियापदानेच सुरू होते, त्यामुळे निवडीला आणखी वजन येतं. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू झालेली ओळ फक्त नेमणूक सांगते. दुसऱ्या टोकाला ‘स्पीअरहेडेड’ आणि ‘लेड’ असतात. नेटवर जोरदार क्रियापदांच्या लांबलचक याद्या मिळतात आणि लोक त्यातून सर्वांत भारदस्त शब्द उचलतात. ही सवय मला अजिबात पटत नाही. आपल्या इंजिनिअरच्या गटात सहा जण होते आणि प्रमुख होते क्वालिटी मॅनेजर. तिने ‘लेड’ लिहिलं तर पुढचे प्रश्न ठरलेले आहेत: तुमच्या हाताखाली किती जण होते, खर्च मंजूर कोण करत होतं? त्यांची उत्तरं तिच्याकडे नाहीत.

तिच्याकडे जे आहे ते याहून भक्कम आहे. कारण तिने शोधलं, तिथे ‘ट्रेस्ड’. फिक्स्चरची कल्पना आणि मापं तिची, तिथे ‘डिझाइन्ड’. ते टूलरूमकडून बनवून घेतलं, तेव्हा ‘बिल्ट’ लिहायचं नाही. बनवणं आणि बनवून घेणं यात अंतर आहे आणि टूलरूममध्ये काम केलेला मुलाखतकार ते लगेच पकडतो. क्रियापद जितकं नेमकं, तितका त्यावरचा पुढचा प्रश्न आपल्या सोयीचा.

सातव्या स्लाइडवरच्या १८ लाखांचीही अशीच झडती घ्यावी लागते. ही रक्कम कस्टमरच्या कारखान्यात माणसं पाठवून नग निवडण्याच्या आणि तातडीने बदली माल धाडण्याच्या वाचलेल्या खर्चाची. पण फिक्स्चर बसलं नोव्हेंबरमध्ये, आर्थिक वर्ष संपलं मार्चमध्ये. महिन्याला दीड लाख धरले तर पाच महिन्यांत प्रत्यक्ष वाचले साडेसात लाख. १८ लाख हा पूर्ण वर्षाचा अंदाज आहे. अंदाज लिहायला हरकत नाही, फक्त ‘वार्षिक अंदाज’ हे शब्द सोबत हवेत. लेखा विभागाने आकडा तपासून मान्य केला असेल तर तेही लिहावं, त्याने वजन वाढतं. आणि बचतीचा हिशेब कोणीच केलेला नसेल तर रुपयांचा मोह सोडून नगांवर थांबावं.

शेवटी तीन स्लाइडमधून दोनच ओळी निघाल्या. इंग्रजीत करताना क्रियापदं पुढे येतील, मजकूर हाच:

- परत आलेले नग व टॅप बदलाच्या नोंदी ताडून ‘आटे नसणे’ या दोषाचं मूळ शोधलं; नग अडवणारं तपासणी फिक्स्चर आखून लाइनवर आणलं; महिन्याच्या ५०,००० नगांवर कस्टमर रिजेक्शन ६४० वरून ३२० पीपीएमवर उतरवलं (आधीच्या वर्षाची सरासरी विरुद्ध शेवटची तिमाही).
- निवड व तातडीच्या वाहतुकीचा खर्च पाच महिन्यांत ७.५ लाख रुपयांनी कमी केला (वार्षिक अंदाज १८ लाख).

पहिली ओळ लांब आहे, हे खरं. जागा कमी असेल तर कंसातलं आधी काढावं, ते मुलाखतीत सांगता येतं. ‘६४० वरून ३२०’ आणि फिक्स्चर, हे मात्र हलवू नये.

एक खबरदारी. अशा पीपीटीवर तळाशी ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेलं असतं, आत कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर, दर असतात. ती स्वतःच्या जीमेलवर पाठवणं अनेक कंपन्यांत नियमभंग ठरतं आणि राजीनाम्याच्या सुमारास अशा मेलवर आयटी विभागाची खास नजर असते. रेझ्युमेत कस्टमरच्या नावाऐवजी ‘एक मोठी प्रवासी वाहन कंपनी’ असं लिहिता येतं. मासिक नगसंख्या गोपनीय असेल तर ती गाळावी. पीपीएमसुद्धा बाहेर सांगण्याजोगं नसेल तर ‘निम्म्यावर आणलं’ एवढ्यावर भागवावं. अशा वेळी नुसती टक्केवारी लिहिण्यावाचून इलाज नसतो.

आलेखाचं चित्र कापून रेझ्युमेत चिकटवण्याची कल्पना काहींना सुचते. अर्ज आधी संगणकावर चाळले जातात तिथे चित्रातले आकडे बहुधा वाचलेच जात नाहीत, तेव्हा ते अक्षरांतच हवेत. आणि कंपनीत असेपर्यंतच प्रत्येक ओळीमागचा हिशेब एकदा स्वतःशी पक्का करून ठेवावा: सरासरी कुठल्या महिन्यांची, दोषांची विभागणी काय, बचतीत काय काय धरलं. लॅपटॉप परत केल्यावर `Edit Data` उघडायला मिळत नाही, आणि मुलाखत बऱ्याचदा त्यानंतर होते.