स्वीकृतीपत्र हातात पडल्यानंतरचे दहा दिवस

निविदा मंजूर झाली की ठेकेदाराच्या घरी पेढे येतात आणि स्वीकृतीपत्र फायलीत जाते. ठेकेदारांचे कागद बघण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि बयाणा रक्कम जप्त होण्यापर्यंत गेलेली बहुतेक प्रकरणे याच दोन-चार दिवसांत बिघडलेली मी पाहिली आहेत. पत्र जेमतेम दीड पानाचे असते. त्यातल्या एकेका वाक्यात तीन-तीन कामे दडलेली असतात आणि ती सुटी करून लिहिल्याशिवाय दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. तालुक्यातला एक लहान रस्ता, अंदाजपत्रकीय किंमत 80 लाख रुपये. आपल्या ठेकेदाराने 12 टक्के कमी दर भरला, म्हणजे स्वीकृत रक्कम 70 लाख 40 हजार. पत्रात मधला परिच्छेद असा आहे: ‘आपली निविदा अंदाजपत्रकीय दरापेक्षा 12 टक्के कमी दराने स्वीकृत करण्यात येत आहे. पत्र प्राप्त झाल्यापासून 10 दिवसांचे आत सुरक्षा अनामत व अतिरिक्त सुरक्षा अनामत भरून करारनामा करून घ्यावा, अन्यथा बयाणा रक्कम जप्त करण्यात येईल.’

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक कामाला एक ओळ द्या. ओळीत काय करायचे, किती, कोणाच्या नावे, कोणत्या तारखेपर्यंत, पुरावा काय आणि ही अट निविदेच्या कोणत्या कलमात आहे, एवढे लिहायचे. कलमाचा रकाना सोडू नका. पत्र नुसते ‘सुरक्षा अनामत भरा’ म्हणते. किती आणि कशी, ते निविदा पुस्तिकेत असते.

पहिली ओळ पैशांची. आपल्या पुस्तिकेत सुरक्षा अनामत 4 टक्के आहे, अर्धी आता भरायची आणि अर्धी चालू देयकांतून कापली जाणार. अतिरिक्त अनामत कमी दरासाठी आहे: 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर 1 टक्का, आणि त्यापुढे 15 टक्क्यांपर्यंत जितके टक्के जास्त कमी तितके टक्के आणखी. म्हणजे 12 टक्के कमीला 3 टक्के. काही निविदांत ही अतिरिक्त रक्कम स्वीकृतीपत्राच्या आधीच मागतात, इथे ती पत्रासोबत मागितली आहे.

आता खरा प्रश्न: टक्के कशाचे? इथे ते अंदाजपत्रकीय किमतीचे आहेत. 80 लाखांचे 2 टक्के 1 लाख 60 हजार, 3 टक्के 2 लाख 40 हजार, मिळून 4 लाख. ठेकेदाराच्या डोक्यात मात्र स्वतःचा 70 लाख 40 हजारांचा आकडा घोळत असतो. त्यावर हिशेब केला तर 3 लाख 52 हजार येतात. 48 हजार कमी पडतात आणि ते टेबलावर कागद ठेवल्यावर कळते. बयाणा रक्कम या 4 लाखांत वळती होते का, हेही पुस्तिकेत बघा. लिहिलेले नसेल तर वळती होणार नाही असे धरून पैशांची सोय करा.

दुसरी ओळ तारखेची. पत्रावर 10 एप्रिल, वार शुक्रवार. त्याच दिवशी ते ई-मेलवर आले, टपालाने 15 तारखेला पोचले. ‘प्राप्त झाल्यापासून’ म्हणजे कधीपासून, यावर वाद घालता येतो, पण बयाणा रक्कम पणाला लावून तो घालू नये. जवळची तारीख धरायची. पहिला दिवस सोडून मोजले तर मुदत 20 एप्रिल, सोमवारी संपते. आता कॅलेंडर उघडा. 11 आणि 12 शनिवार-रविवार, 14 ला आंबेडकर जयंती, 18 आणि 19 पुन्हा शनिवार-रविवार. राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. 13, 15, 16, 17 आणि 20, एवढेच दिवस उरले. दहातले पाच. वहीत ‘20 एप्रिल’ लिहून थांबू नका. बँकेकडे अर्ज 13 ला, कागद कार्यालयात 17 ला, आणि 20 तारीख दुरुस्तीसाठी राखीव, असे लिहा.

दुरुस्ती लागतेच. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराची बँक गॅरंटी परत आली, कारण बँकेने नेहमीच्या सवयीने ती बारा महिन्यांची केली होती. काम नऊ महिन्यांचे, पण त्यापुढे दोन वर्षांचा दोषदायित्व कालावधी होता आणि अनामत तोपर्यंत जिवंत हवी होती. म्हणून बँकेत जाताना निविदेतला गॅरंटीचा नमुना सोबत न्या आणि शब्दाला शब्द तसाच उतरवायला सांगा. लाभार्थी म्हणून ‘कार्यकारी अभियंता’ हे पदनाम हवे, साहेबांचे नाव नको. साहेबांची बदली होते. बँका एसएफएमएस यंत्रणेतून गॅरंटीचा खातरजमा-संदेश कार्यालयाच्या बँकेला पाठवतात. त्यासाठी त्या बँकेचा आयएफएससी क्रमांक लागतो, तो पहिल्याच दिवशी कार्यालयातून लिहून आणा.

पैसे भरण्याआधी पत्र आणखी एकदा वाचा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. पत्रात तुमच्या निविदेत नसलेली एखादी नवी अट घुसली असेल, किंवा निविदेची वैधता संपल्यानंतर पत्र आले असेल, तर मान्य आहे की नाही हे आधी लेखी कळवा. अनामत भरून सही केल्यावर ‘मला हे मान्य नव्हते’ म्हणणे अवघड जाते. पत्र नीट असेल तर मात्र आता माघार नाही.

शेवटचा भाग काम सुरू करण्याचा. स्वीकृतीपत्र म्हणजे कार्यारंभ आदेश नव्हे, आणि करारनाम्यावर सही म्हणजेही नव्हे. पावसाळ्याआधी माती उरकावी म्हणून आदेशाआधीच जेसीबी लावणारे भेटतात. खोदाईपूर्वी शाखा अभियंत्यासोबत जागेच्या पातळ्या घेऊन नोंदवलेल्या नसतील तर किती माती काढली हे सिद्ध करायला काहीच उरत नाही, आणि तेवढे देयक बुडते. म्हणून वहीत लिहा: कार्यारंभ आदेशाची तारीख, जागेचा ताबा, संयुक्त पातळ्या, कामाचा विमा, मजुरांच्या नोंदणीचे कागद. नऊ महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे आणि ते पावसाळा धरून की वगळून, हेही लिहा. एप्रिलअखेर आदेश मिळाला आणि मुदत पावसाळा धरून असेल, तर नऊपैकी चार महिने पावसाचे आहेत. आदेश मिळाला पण जागेवर अतिक्रमण असेल, तर त्याच आठवड्यात फोटोसह पत्र देऊन पोच घ्या. मुदतवाढ मागताना तीच पोच कामी येते.

वहीतली अगदी शेवटची ओळ आजच लिहून ठेवा: अतिरिक्त अनामत कधी परत मागायची आणि सुरक्षा अनामत कधी. दोन वर्षांनंतरची ती तारीख कार्यालय तुम्हाला आठवण करून देणार नाही. अर्ज तुम्हालाच करावा लागेल.