निकालाआधी फुगणारा प्रीमियम

२३ एप्रिल २०२४ रोजी ‘इंडिया व्हिक्स’ १० च्या आसपास होता. ३१ मेपर्यंत तो २४ च्या वर गेला. मे महिन्यात निफ्टी मात्र चढउतार होऊनही शेवटी जवळपास होता तिथेच राहिला. लोकसभेचा निकाल ४ जूनला होता आणि व्हिक्स त्याच दिवसाकडे पाहत होता.

बाजाराची चंचलता दोन रीतींनी मोजतात. हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी झालेल्या दिवसांवरून काढतात. मागच्या महिन्याभरातले रोजचे टक्केवारीतले बदल घ्यायचे, त्यांचे प्रमाण विचलन काढायचे आणि वार्षिक आकड्यासाठी त्याला साधारण १६ ने गुणायचे (वर्षातल्या सुमारे २५२ व्यवहारदिवसांचे वर्गमूळ). इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, ऑप्शनच्या भावातून उलट गणित करून मिळते. निर्देशांक, स्ट्राइक, उरलेले दिवस, व्याजदर हे सारे ठाऊक असते. आज मोजला जाणारा प्रीमियम खरा ठरायला पुढे किती हालचाल धरावी लागेल, तो आकडा म्हणजे आयव्ही. व्हिक्स हा निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला पुढच्या ३० दिवसांचा असाच अंदाज असतो.

निकालाआधी आयव्ही वाढते ती भीतीमुळे, असे सर्रास सांगितले जाते. भीती असतेच, पण त्याखाली साधे गणितही असते. समजा, एक्स्पायरीला २० व्यवहारदिवस आहेत. एरवी रोज ०.८ टक्के हालचाल अपेक्षित आहे, निकालाच्या एका दिवशी ४ टक्के. हालचालींची बेरीज वर्ग करून होते, म्हणून तो एक दिवस उरलेल्या १९ दिवसांच्या बेरजेपेक्षाही जड भरतो. सरासरी काढली की आयव्ही सुमारे १९ येते. निकाल नसता तर ती १३ च्या आत राहिली असती. आता निकालासह पाचच दिवस उरले आहेत असे धरा. अपेक्षा तीच, पण शांत दिवस संपत आले, म्हणून आयव्ही ३१ च्या घरात जाते. कोणाचेही मत बदललेले नाही.

निकाल लागला की तो जड दिवस हिशेबातून निघून जातो आणि आयव्ही कोसळते. म्हणूनच दिशा बरोबर ओळखूनही कॉल घेणाऱ्याचे नुकसान होऊ शकते. निर्देशांक वर जातो खरा, पण प्रीमियममध्ये आधीच मोजलेल्या हालचालीपेक्षा कमी जातो.

४ जूनला निफ्टी जवळपास ६ टक्क्यांनी पडला. दुसऱ्या दिवशी तो ३ टक्क्यांहून अधिक वर आला, तरी व्हिक्स २६ च्या वरून १९ च्या खाली घसरला. त्याच वेळी महिनाभराची हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी मात्र उसळली, कारण ते दोन्ही दिवस आता तिच्या हिशेबात आले होते आणि पुढचे काही आठवडे तिथेच राहणार होते. त्या आठवड्यांत केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘ऑप्शन स्वस्त आहेत’ असा निष्कर्ष काढणारा माणूस होऊन गेलेल्या निकालाची किंमत पुढच्या दिवसांना लावत होता.